सीटीआर आणि एव्हीडी एकत्र कसे वाचायचे: व्हिडिओ पुढे सुचवला जाईल का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फोंडा, डिचोली, पेडणे, काणकोण इथून मराठीत व्हिडिओ करणाऱ्या मंडळींचे मेसेज मला वर्षभर येतात. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस तर फोन खाली ठेवता येत नाही. बहुतेक मेसेजांत एकच स्क्रीनशॉट असतो आणि त्याखाली एकच प्रश्न: आकडा चांगला दिसतोय, मग यूट्यूब व्हिडिओ पुढे का नेत नाही? पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले आकडे माझ्या भावाच्या आणि माझ्या चॅनलचे आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून ते गोल केले आहेत.

सीटीआर आणि एव्हीडी म्हणजे नेमकं काय?

तुमच्या व्हिडिओचं थंबनेल कुणाच्या तरी स्क्रीनवर निदान अर्धं दिसलं आणि एका सेकंदाहून जास्त वेळ दिसत राहिलं, की यूट्यूब ते एक इम्प्रेशन धरतं. अशा शंभर इम्प्रेशन्सपैकी किती वेळा लोकांनी व्हिडिओ उघडला, तो तुमचा क्लिक-थ्रू रेट, म्हणजे सीटीआर. शंभरात सहा वेळा उघडला तर 6 टक्के.

एव्हीडी म्हणजे अ‍ॅव्हरेज व्ह्यू ड्युरेशन, उघडलेला व्हिडिओ लोकांनी सरासरी किती वेळ पाहिला. बारा मिनिटांचा व्हिडिओ कुणी पूर्ण पाहिला, कुणी वीस सेकंदांत बंद केला. सगळ्यांचा वेळ एकत्र करून व्ह्यूजनी भागला की एव्हीडी मिळतो.

सीटीआरवरून थंबनेल आणि शीर्षकाने माणसाला दारापर्यंत आणलं का ते कळतं. तो आत बसला का, ते एव्हीडीवरून कळतं.

हे आकडे स्टुडिओत कुठे बघायचे?

यूट्यूब स्टुडिओत तो एक व्हिडिओ उघडा आणि Analytics मध्ये जा. Reach या टॅबमध्ये इम्प्रेशन्स आणि सीटीआर आहेत, Engagement मध्ये एव्हीडी आणि प्रेक्षक कुठे गळले ते दाखवणारा आलेख आहे. Reach मध्येच खाली Impressions and how they led to watch time नावाचा नरसाळ्यासारखा तक्ता असतो. बरेच जण तो बघतच नाहीत. मी मात्र सगळ्यात आधी तोच बघते. का, ते व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रश्नात सांगितलं आहे.

किती सीटीआर असला की चांगला म्हणायचा?

यूट्यूबने स्वतः दिलेला अंदाज असा की निम्म्या चॅनल्सचा आणि व्हिडिओंचा सीटीआर 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असतो. ही पट्टी इतकी रुंद आहे की तिच्यावरून आपला व्हिडिओ बरा की वाईट हे ठरवता येत नाही. पाककृतीचा व्हिडिओ आणि भजनाचा व्हिडिओ एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही. आपल्याच चॅनलवरच्या, साधारण तेवढ्याच लांबीच्या मागच्या दहा व्हिडिओंशी तुलना करा. आणि नुसत्या सीटीआरची तुलना करू नका. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

माझा सीटीआर 9 टक्के आहे. तरी तीन दिवसांत व्ह्यूज थांबले. असं का?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आम्ही चवथीच्या तोंडावर माटोळीवर दोन व्हिडिओ टाकले होते. पहिल्याचं शीर्षक ‘माटोळीतली दुर्मिळ रानफळं’. थंबनेलवर कांगलांचा मोठा घोस, भोवती लाल वर्तुळ. लांबी बारा मिनिटं. सीटीआर 9 टक्के आला. आम्ही दोघं खूश झालो. दुसरा होता माटोळी बांधण्याचा, चौकट टांगण्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत. थंबनेलवर बाबांचे हात आणि केवणीचा दोर, बाकी काहीच नाही. लांबी अकरा मिनिटं, सीटीआर जेमतेम 4 टक्के.

आता एव्हीडी बघा. पहिल्याचा 1 मिनिट 5 सेकंद, दुसऱ्याचा बरोबर 5 मिनिटं.

समजा यूट्यूबने दोन्ही थंबनेलं प्रत्येकी 1000 वेळा दाखवली. पहिला व्हिडिओ 90 वेळा उघडला गेला आणि प्रत्येक वेळी सरासरी 65 सेकंद चालला. 90 गुणिले 65 म्हणजे 5850 सेकंद, सुमारे 97 मिनिटं. दुसरा 40 वेळाच उघडला गेला, पण प्रत्येक वेळी पाच मिनिटं चालला, म्हणजे 200 मिनिटं. तीच 1000 इम्प्रेशन्स खर्चून दुसऱ्या व्हिडिओने दुपटीहून जास्त वेळ मिळवला.

यूट्यूबकडे होमपेजवरची जागा मोजकी असते. ती जागा दिल्यावर प्रेक्षक किती रमला, याचा अंदाज घेऊन पुढची जागा कुणाला द्यायची ते ठरतं. आमच्या पहिल्या व्हिडिओची इम्प्रेशन्स तिसऱ्या दिवसानंतर सपाट झाली. दुसऱ्याची पहिल्या दिवशी नगण्य होती आणि आठवडाभर चढत राहिली.

तुमचा 9 टक्क्यांचा व्हिडिओ घ्या आणि हाच गुणाकार करा: 1000 इम्प्रेशन्समागे किती क्लिक, त्याला एव्हीडीने गुणा. मग तुमच्याच एखाद्या चांगल्या चाललेल्या व्हिडिओचा तसाच आकडा काढा. दोन्ही शेजारी ठेवले की व्ह्यूज का थांबले ते बहुधा दिसतं.

लोक नेमके कुठे गळले ते कसं शोधायचं?

Engagement मधला आलेख उघडा आणि पहिल्या तीस सेकंदांवर नजर ठेवा. स्टुडिओ तिथे अर्ध्या मिनिटाला किती टक्के प्रेक्षक उरले ते वेगळं लिहून दाखवतो. आमच्या रानफळांच्या व्हिडिओत तो आकडा 38 टक्के होता. म्हणजे उघडणाऱ्या शंभरांतले बासष्ट जण अर्ध्या मिनिटात उठून गेले.

मी तो व्हिडिओ लोकांच्या नजरेने पुन्हा पाहिला. सुरुवातीचे 50 सेकंद ड्रोनमधून दिसणारी शेतं आणि चॅनलचं नाव. मग फोंड्याच्या माटोळी बाजारातली चार मिनिटांची फेरी, गर्दी, भाव विचारणं. थंबनेलवरची कांगलां आली ती आठव्या मिनिटाला. जे बघायला माणूस आला ते त्याला आठ मिनिटं मिळालंच नाही. फळं खरी होती, माहिती खरी होती, पण उघडणाऱ्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात फसल्यासारखं वाटलं. तो दोष पूर्णपणे आमचा होता.

आलेखात एकदम कडा तुटल्यासारखी उतरण दिसली तर तिथे काय आहे ते सेकंदासकट लिहून ठेवा. हळूहळू उतरणारी रेघ प्रत्येक व्हिडिओत असते, तिची काळजी नको. मधेच छोटा उंचवटा दिसला तर तो भाग लोकांनी बहुधा मागे जाऊन पुन्हा पाहिला आहे. बांधणीच्या व्हिडिओत तसा उंचवटा नारळाची गाठ मारताना होता. पुढच्या व्हिडिओचं थंबनेल आम्ही त्याच क्षणावरून घेतलं.

एव्हीडी चांगला असला की पुरे ना? सीटीआरची काळजी कशाला?

पुरे नाही. पेडण्याच्या एका मुलाने दशावतारी नाटकाच्या रेकॉर्डिंगचे आकडे पाठवले होते: एव्हीडी 8 मिनिटं, सीटीआर 1 टक्का. 1000 इम्प्रेशन्समागे दहाच क्लिक, म्हणजे 80 मिनिटं. आमच्या फसलेल्या रानफळांच्या व्हिडिओपेक्षाही कमी.

अशा जोडीचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की आत बसलेला माणूस खूश आहे, पण दारावर पाटीच नाही. त्याच्या थंबनेलवर अंधारातला पूर्ण रंगमंच होता, फोनवर माणसं मुंगीएवढी दिसत होती. शीर्षकात नाटकाचं नावही नव्हतं, फक्त जत्रेची तारीख. इथे व्हिडिओला हात लावायची गरज नाही. संकासुराचा एक जवळचा चेहरा आणि शीर्षकात नाटकाचं नाव, एवढं करून बघायला मी सांगितलं.

दुसरी शक्यता अशी की आठ मिनिटं पाहणारे सगळे त्याच गावचे आहेत आणि बाकीच्यांना विषयात रस नाही. मग थंबनेल बदलूनही सीटीआर हलत नाही. तो व्हिडिओ वाईट नसतो, त्याचा प्रेक्षकच तेवढा असतो.

एव्हीडी मिनिटांत बघायचा की टक्क्यांत?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामासाठी. 3 मिनिटांच्या व्हिडिओत 2 मिनिटं एव्हीडी म्हणजे 67 टक्के, ऐकायला छान. 20 मिनिटांच्या व्हिडिओत 5 मिनिटं म्हणजे 25 टक्के, ऐकायला वाईट. 1000 इम्प्रेशन्सच्या हिशेबात मात्र सीटीआर सारखा असेल तर दुसरा बराच पुढे जातो.

म्हणून वेगळ्या लांबीचे व्हिडिओ तोलताना मिनिटं घ्या. एकाच लांबीच्या दोन व्हिडिओंत कुठला घट्ट बांधलाय ते बघायला टक्के घ्या. मिनिटं वाढवायची म्हणून व्हिडिओ ताणणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, तसं करू नका. ताणलेला भाग लोक पुढे ढकलतात किंवा बंद करतात, आणि पुढच्या वेळी तुमचं थंबनेल दिसलं तरी बोट थांबत नाही.

यूट्यूब खरंच हा गुणाकार करतं का?

हुबेहूब असा नाही. 2012 मध्ये यूट्यूबने व्ह्यूजऐवजी पाहण्याच्या वेळेला वजन द्यायला सुरुवात केली, कारण नुसत्या क्लिकवर भर दिला की फसवी थंबनेलं वर येत होती. 2016 मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी शिफारशींच्या यंत्रणेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात व्हिडिओ लावण्याचा क्रम ठरवताना प्रत्येक इम्प्रेशनमागे किती वेळ पाहिलं जाईल याचा अंदाज बांधतात, असं स्पष्ट लिहिलं आहे. आपला गुणाकार त्याच कल्पनेची घरगुती आवृत्ती आहे.

त्यानंतर यंत्रणेत बरंच काही आलं. यूट्यूब प्रेक्षकांना व्हिडिओ कसा वाटला ते सर्वेक्षणातून विचारतं, लाइक आणि ‘यात रस नाही’ अशा खुणा बघतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंदाज प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळा असतो. तुमचा 4 टक्के हा आकडा सगळ्यांची सरासरी आहे. माटोळी बांधणाऱ्या घरातल्या माणसासाठी तो 15 असू शकतो आणि क्रिकेट बघणाऱ्यासाठी शून्य. म्हणून या गुणाकारावरून शक्यता कळते, खात्री मिळत नाही.

व्ह्यूज वाढले आणि सीटीआर 11 वरून साडेचारवर आला. काय बिघडलं?

बहुधा काहीच नाही. पहिल्या दिवशी यूट्यूब व्हिडिओ तुमच्या ओळखीच्या प्रेक्षकांना दाखवतं. 2000 इम्प्रेशन्स, 11 टक्के, म्हणजे 220 क्लिक. तो चालला की अनोळखी लोकांना दाखवतं. तुमचं नाव कधी न ऐकलेला माणूस कमीच वेळा क्लिक करणार. 40,000 इम्प्रेशन्सवर साडेचार टक्के म्हणजे 1800 क्लिक. सीटीआर पडला आणि व्हिडिओ वाढला, दोन्ही एकदम.

इथे एव्हीडीकडे बघा. सीटीआर पडतोय, इम्प्रेशन्स वाढताहेत आणि एव्हीडी टिकून आहे, तर व्हिडिओ परक्या घरातही रुजतोय. सीटीआर आणि एव्हीडी दोन्ही पडताहेत, तर यूट्यूब चुकीच्या प्रेक्षकापर्यंत पोचलंय आणि लवकरच इम्प्रेशन्सही आटतील. या घाईत थंबनेल बदलून चालतं वाहन थांबवणारे मी अनेक पाहिले आहेत.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली. व्ह्यूज आले पण एव्हीडी पडला. नुकसान झालं का?

आधी एक गुंता सोडवूया. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून आलेला माणूस इम्प्रेशनमध्ये मोजलाच जात नाही. नोटिफिकेशनवरून, बाहेरच्या साइटवरून, दुसऱ्या व्हिडिओच्या शेवटी येणाऱ्या एंड स्क्रीनवरून आलेलाही नाही. त्यामुळे सीटीआर फक्त यूट्यूबवर थंबनेल बघणाऱ्यांचा असतो आणि वर दिसणारा एव्हीडी सगळ्यांचा. दोन आकड्यांमागची माणसं वेगळी आहेत. तेच आकडे गुणले तर उत्तर चुकतं.

आमच्या नातेवाइकांचे ग्रुप दुबईपासून लिस्बनपर्यंत पसरलेले आहेत. लिंक आली की कौतुकाने उघडतात, वीस सेकंद बघून ‘मस्त’ लिहितात आणि बंद करतात. प्रेम खरं असतं, पण एव्हीडी खाली येतो.

म्हणूनच नरसाळ्याचा तक्ता. त्यात फक्त इम्प्रेशनवरून आलेल्यांचे व्ह्यूज आणि त्यांचाच एव्हीडी दिसतो. गुणाकार त्याच आकड्यांवर करा. आणखी खोलात जायचं तर Advanced mode उघडून Traffic source प्रमाणे तक्ता लावा. Browse features आणि Suggested videos या दोन ओळींतला सीटीआर आणि एव्हीडी तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर देतात, कारण शिफारस होते ती तिथेच. YouTube search ची ओळ वेगळी वाचा. शोधणारा माणूस आधीच गरज घेऊन आलेला असतो.

किती इम्प्रेशन्स झाल्यावर आकड्यांवर विश्वास ठेवायचा?

300 इम्प्रेशन्सवर 4 टक्के म्हणजे बारा क्लिक. उद्या निव्वळ योगायोगाने नऊ आले तर 3 टक्के, पंधरा आले तर 5. इतक्यावरून थंबनेल चांगलं की वाईट हे कुणालाच सांगता येणार नाही. मी काही हजार इम्प्रेशन्स होईपर्यंत हात लावत नाही. शिवाय इम्प्रेशन्सचे आकडे स्टुडिओत उशिरा पोचतात, त्यामुळे पहिले दोन दिवस तरी नुसतं बघत राहा.

थंबनेल बदलायचं तर खात्री कशी करायची?

ज्यांच्या स्टुडिओत थंबनेलं ताडून बघायची Test & Compare, म्हणजे आताची A/B testing ची सोय आहे त्यांनी तीच वापरावी. एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेलं देता येतात. यूट्यूब ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवतं आणि निकाल जास्त क्लिकवर न देता पाहण्याच्या वेळेतल्या वाट्यावर देतं. आपण वर करतोय तोच हिशेब.

सोय नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलाची तारीख लिहून ठेवा. नंतर स्टुडिओत त्या तारखेनंतरचेच दिवस निवडा. नाहीतर जुने आणि नवे आकडे मिसळतात आणि बदल दिसतच नाही.

शॉर्ट्सनाही हेच लागू का?

नाही. शॉर्ट्सच्या फीडमध्ये थंबनेलवर क्लिक नसतो, व्हिडिओ आपोआप समोर येतो. तिथे किती जणांनी पाहिला आणि किती जणांनी सरकवला, हे प्रमाण बघा. शॉर्ट्सचे आणि लांब व्हिडिओंचे आकडे एका सरासरीत कधी घालू नका.

चवथ संपली आणि इम्प्रेशन्स शून्यावर आली. व्हिडिओ मेला का?

दोन्ही आकडे चांगले असूनही हे होतं. बघणाऱ्यांची गरज संपली, एवढाच त्याचा अर्थ. श्रावण सरला की पुन्हा लोक माटोळीचं बघू लागतात आणि यूट्यूब जुना व्हिडिओ पुन्हा दाखवून बघतं.

आम्ही या मधल्या वेळात रानफळांचा तो व्हिडिओ दुरुस्त केला. स्टुडिओच्या Editor मध्ये सुरुवातीचे 50 सेकंद आणि बाजारातली बहुतेक फेरी कापली. असं कापलं तरी लिंक आणि जुने व्ह्यूज तसेच राहतात. लाल वर्तुळ काढलं, घोस ठेवला. कांगलां आता आठव्याऐवजी चौथ्या मिनिटाच्या आत येतात. त्याहून पुढे आणता आली नाहीत, कारण तिथे कापता येतं, भाग मागेपुढे करता येत नाहीत.

पुढच्या चवथीला सीटीआर 9 वरून 7 वर उतरला आणि एव्हीडी 2 मिनिटं 40 सेकंद झाला. 70 गुणिले 160 म्हणजे 11,200 सेकंद, 187 मिनिटं, आधीच्या 97 च्या जवळपास दुप्पट. इम्प्रेशन्स या वेळी तिसऱ्या दिवशी सपाट झाली नाहीत, विसर्जनापर्यंत येत राहिली. बांधणीचा व्हिडिओ अजून त्याच्या पुढेच आहे, 200 वर.